डिटेक्शनचा तीन: गोळ्यांच्या पॅकिंग लाइनवरच्या एका एफएमईएची फेरतपासणी

गोव्यातल्या एका औषध कारखान्यात मधुमेहावरच्या ग्लिमेपिराइडच्या गोळ्या ब्लिस्टरमध्ये भरणाऱ्या लाइनची एफएमईए, म्हणजे कुठे काय बिघडू शकतं आणि त्याची जोखीम किती याची तक्तेवार छाननी, झालेली होती. तक्ता पूर्ण भरलेला, सगळ्यांच्या सह्या झालेल्या, फाइल बंद. नंतर एक डेव्हिएशन, म्हणजे ठरलेल्यापेक्षा वेगळं घडल्याची चौकशी, उघडलं आणि तो तक्ता पुन्हा बाहेर काढावा लागला. फेरतपासणीच्या बैठकांना मी बाहेरचा माणूस म्हणून बसत होतो. कारखाना ओळखू येऊ नये म्हणून गोळीचे रंग आणि मशीनचे आकडे बदलले आहेत. घडलेल्या गोष्टींचा क्रम आणि त्यामागचं गणित मात्र तेच आहे.

आधी लाइन समजून घेऊ. पीव्हीसीची फिल्म गरम पाट्यांमधून जाते, मऊ होते आणि फॉर्मिंग स्टेशनवर तिच्यात पॉकेट पडतात. पुढे फीडर. हॉपरमधून गोळ्या ब्रश बॉक्समध्ये येतात आणि फिरते ब्रश त्या पॉकेटांमध्ये ढकलतात. फीडरच्या लगेच पुढे कॅमेरा असतो. प्रत्येक पॉकेटमध्ये गोळी आहे का आणि ती अख्खी आहे का, हे तो बघतो. त्यानंतर वरून ॲल्युमिनियम फॉइल येतं, सीलिंग होतं, बॅच नंबर आणि एक्स्पायरी छापली जाते, छपाई बघणारा दुसरा कॅमेरा येतो, मग कटिंग आणि शेवटी रिजेक्शन स्टेशन. चांगली ब्लिस्टरं खोक्यात भरणाऱ्या कार्टनरकडे जातात, वाईट खालच्या डब्यात पडतात. हे मशीन एका स्ट्रोकमध्ये तीन ब्लिस्टर काढायचं आणि मिनिटाला चाळीस स्ट्रोक मारायचं, म्हणजे मिनिटाला १२० ब्लिस्टर, प्रत्येकात दहा गोळ्या.

यातली एक गोष्ट पुढच्या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे. कॅमेरा जिथे बघतो तिथे तो काही फेकत नाही. तो फक्त मशीनच्या कंट्रोलरला सांगतो, की या स्ट्रोकमधलं दुसरं ब्लिस्टर खराब आहे. ते ब्लिस्टर रिजेक्शन स्टेशनला पोहोचायला आणखी अकरा स्ट्रोक लागतात. तोवर कंट्रोलरला ती खूण लक्षात ठेवावी लागते आणि प्रत्येक स्ट्रोकला एक घर पुढे सरकवावी लागते. या यादीला शिफ्ट रजिस्टर म्हणतात. खूण आणि ब्लिस्टर बरोबर चालले तर योग्य ब्लिस्टर डब्यात पडतं. खूण एका घराने मागे राहिली तर शेजारचं निर्दोष ब्लिस्टर डब्यात पडतं आणि खराब ब्लिस्टर कार्टनमध्ये जातं.

पहिला तक्ता

एफएमईएत प्रत्येक बिघाडाला तीन अंक देतात. सिव्हिअरिटी म्हणजे बिघाड रुग्णापर्यंत पोहोचला तर किती वाईट होईल, ऑकरन्स म्हणजे तो किती वेळा घडतो, डिटेक्शन म्हणजे तो बाहेर जाण्याआधी पकडला जाण्याची खात्री किती. तिन्ही एक ते दहा. डिटेक्शनची पट्टी उलटी चालते. खात्रीने पकडतो त्याला एक, पकडायची काहीच सोय नाही त्याला दहा. नवीन माणसं इथे हमखास गोंधळतात. तिघांचा गुणाकार म्हणजे आरपीएन. या कारखान्याच्या एसओपीत, म्हणजे लेखी कार्यपद्धतीत, मर्यादा शंभरची होती: शंभराच्या वर असेल तर कृती करायची, खाली असेल तर जोखीम मान्य.

| बिघाड | सि. | ऑ. | डि. | आरपीएन |
|---|---|---|---|---|
| सीलिंग कच्चं | ७ | ४ | ४ | ११२ |
| पॉकेट रिकामं | ५ | ७ | ३ | १०५ |
| मागच्या उत्पादनाची गोळी मिसळली | ९ | २ | ४ | ७२ |
| बॅच नंबर अर्धवट किंवा गायब | ८ | ३ | ३ | ७२ |
| माहितीपत्रक चुकीचं | ८ | २ | २ | ३२ |

या लाइनवर ग्लिमेपिराइड १ मिग्रॅ आणि २ मिग्रॅ दोन्ही चालायच्या. आकार सारखा, १ फिकट गुलाबी, २ फिकट हिरवी. १ च्या ब्लिस्टरमध्ये २ ची गोळी शिरली, तर एखाद्या वयस्कर मधुमेह्याला न कळत दुप्पट डोस जाईल आणि साखर धोकादायक खाली उतरू शकेल. उलटं झालं तर साखर चढी राहील, तेही वाईटच, पण सिव्हिअरिटी वाईटात वाईट वाजवी परिणामावर ठरवतात. म्हणून नऊ. त्याबद्दल वाद नव्हता.

तरीही ती ओळ ७२ वर शांत बसली, कारण ऑकरन्सला दोन आणि डिटेक्शनला चार मिळाले होते. "कॅमेरा आहे ना" हे डिटेक्शनच्या रकान्यातलं एकूण समर्थन. हेच वाक्य रिकाम्या पॉकेटपुढे आणि छपाईपुढेही लिहिलेलं होतं. कृती ठरली ती मुख्यतः सीलिंगवर: सीलिंगच्या तापमानाचे अलार्म घट्ट केले, लीक टेस्टचे नमुने वाढवले. चांगलं काम होतं, त्यात खोट नाही.

डब्यातली चांगली ब्लिस्टरं

काही महिन्यांनी कार्टनरच्या आधीच्या बेल्टवर बसणाऱ्या एका ताईंनी रिकाम्या पॉकेटचं ब्लिस्टर उचलून बाजूला ठेवलं. अशी एखादी घटना झाली की नेहमीचा प्रवास ठरलेला असतो. ऑपरेटर मुद्दाम दोष घालून चॅलेंज टेस्ट करतो, कॅमेरा पास होतो, "फीडरमध्ये गोळ्या अडकल्या होत्या" असं मूळ कारण लिहिलं जातं, ऑपरेटरला पुन्हा ट्रेनिंग दिलं जातं आणि सुधारणेची नोंद, म्हणजे सीएपीए, बंद होते. इथेही त्याच दिशेने चाललं होतं. पण त्या ताई आयपीक्यूसीच्या, म्हणजे उत्पादन चालू असताना गुणवत्ता तपासणाऱ्या विभागाच्या, केमिस्टला म्हणाल्या, "मॅडम, खालच्या डब्यात बघा, चांगली पाकिटं पण पडतात कधी कधी."

डबा रिकामा करून एकेक ब्लिस्टर तपासलं. बहुतेकांत दोष होता. काही ब्लिस्टर मात्र पूर्ण भरलेली, गोळ्या अख्ख्या, छपाई स्वच्छ. अशा ब्लिस्टरांकडे सहसा कोणी बघत नाही, कारण रिजेक्शनचा डबा म्हणजे मोजून नष्ट करायचा माल. पण चांगलं ब्लिस्टर डब्यात आलं याचे दोनच अर्थ होतात. एक, कॅमेरा उगाच नाकारतोय. दोन, त्याच्या जागी पडायला हवं होतं ते ब्लिस्टर पुढे गेलंय. पहिलं असेल तर कॅमेऱ्यात साठवलेल्या नाकारलेल्या चित्रांमध्ये पूर्ण भरलेली ब्लिस्टरं दिसली पाहिजेत. तशी एकही दिसली नाहीत. प्रत्येक नाकारलेल्या चित्रात खरोखर दोष होता. म्हणजे कॅमेऱ्याने बरोबर पाहिलं होतं आणि मशीनने चुकीचं फेकलं होतं.

मग वेळा जुळवल्या. गडबड मशीन थांबून पुन्हा सुरू झाल्यावरच्या पहिल्या काही स्ट्रोकमध्येच होती, आणि तीही सगळ्या थांब्यांनंतर नाही. फॉइलचा रोल संपला की ऑपरेटर नवा रोल जोडतो आणि जोड सरळ बसवण्यासाठी जॉग बटणाने मशीन एकदोन स्ट्रोक हळू पुढे घेतो. जॉगमध्ये फिल्म पुढे सरकायची, पण रजिस्टर सरकायचं नाही. कोणीतरी कधीतरी प्रोग्रॅम लिहिताना जॉग म्हणजे उत्पादन नव्हे असं धरलं असावं. फिल्म दोन घरं पुढे, खूण जागेवर. पुढचे अकरा स्ट्रोक सगळे निर्णय दोन घरांनी चुकलेले.

चॅलेंज टेस्टमध्ये हे का सापडलं नाही? कारण ती शिफ्टच्या सुरुवातीला, मशीन सलग चालू असताना व्हायची. रिकामं पॉकेट, अर्धी गोळी, दोन्ही खुणा केलेल्या ब्लिस्टरमध्ये, दोन्ही डब्यात पडली, बॅचच्या नोंदपत्रात, म्हणजे बीएमआरमध्ये, सही. ती परीक्षा खरी होती, पण सलग चालणाऱ्या मशीनची होती. थांबून चालू होणाऱ्या मशीनबद्दल ती काहीच सांगत नव्हती, आणि एका शिफ्टमध्ये ही लाइन सुमारे वीस वेळा थांबायची.

ज्यांच्याकडे अशी लाइन आहे त्यांनी ही परीक्षा करून बघावी, अर्धा तास पुरतो. एका ब्लिस्टरमधलं एक पॉकेट मुद्दाम रिकामं करून त्याच्यावर पेनने खूण करा. ते कॅमेऱ्याखालून गेलं की रिजेक्शनला पोहोचण्याआधी मशीन थांबवा. जॉगने दोन स्ट्रोक पुढे घ्या. मग चालू करा. खूण केलेलं ब्लिस्टर डब्यात पडलं का? हेच गार्ड उघडून करा, इमर्जन्सी स्टॉप दाबून करा, मुख्य वीज बंद करून करा. वीज गेल्यावर रजिस्टर रिकामं होत असेल, तर कॅमेरा आणि रिजेक्शन यांच्यामधल्या सगळ्या ब्लिस्टरांबद्दल मशीनला काहीच माहीत नसतं आणि ते सगळ्यांना चांगलं समजून सोडून देतं.

अंक पुन्हा देताना

फेरतपासणीत पहिला प्रश्न आला की रिकाम्या पॉकेटचा डिटेक्शन आता किती. कोणी म्हणालं पाच. तीन आणि आठ यांच्या मधलं काहीतरी, म्हणजे सरासरी. मला हे पटलं नाही. सलग चालताना ही यंत्रणा खरंच चांगली होती, दोनच्या लायकीची. जॉगनंतरच्या अकरा स्ट्रोकमध्ये ती जवळपास निरुपयोगी होती, कारण तिथे उरला तो फक्त बेल्टवरच्या माणसाचा डोळा. दोन वेगळ्या अवस्थांची सरासरी काढली की दोन्हींबद्दलची माहिती पुसली जाते. म्हणून ओळ फोडली. सलग चालताना रिकामं पॉकेट: ५, ७, २, आरपीएन ७०. थांब्यानंतर रिकामं पॉकेट: ५, ४, ८, आरपीएन १६०. छपाई बघणारा कॅमेराही त्याच रजिस्टरमध्ये खूण टाकायचा, त्यामुळे बॅच नंबरच्या ओळीचंही तेच झालं. थांब्यानंतर ८, २, ८, म्हणजे १२८.

मग सगळ्यात महत्त्वाची ओळ, मिसळलेली गोळी. इथे रजिस्टरचा दोष बाजूला ठेवला तरी मूळ प्रश्न होता: कॅमेऱ्याला ती गोळी दिसते का? कोणी तपासलंच नव्हतं. तपासलं. १ च्या बॅचमध्ये, मशीन सलग चालू असताना, खूण केलेल्या ब्लिस्टरमध्ये २ ची हिरवी गोळी ठेवली. कॅमेऱ्याने ती पास केली. पुन्हा ठेवली, पुन्हा पास. कारण साधं होतं. हा कॅमेरा कृष्णधवल होता. त्याला रंग दिसत नाहीत, फक्त उजेड किती परत येतो ते दिसतं. फिकट गुलाबी आणि फिकट हिरवा, पांढऱ्या उजेडात दोन्ही जवळपास एकाच छटेचे राखाडी. आकार तोच, त्यामुळे त्यावरूनही ओळखता येत नाही. कॅमेरा विकत घेतला होता तो रिकामं पॉकेट आणि तुटकी गोळी पकडायला, आणि ते काम तो करत होता. परकी गोळी पकडण्याचं काम त्याला तक्त्यातल्या एका रकान्याने परस्पर दिलं होतं.

डिटेक्शन चारवरून नऊ झाला. ९ × २ × ९ = १६२.

ऑकरन्सच्या दोनवरही इथे थोडं थांबावं लागलं. "तीन वर्षांत अशी एकही तक्रार नाही" हा त्याचा आधार होता. पण ज्या बिघाडाला पकडायची सोय नाही, तो न सापडणं हा तो न घडल्याचा पुरावा होत नाही. आतापर्यंत आपण शोधत नव्हतो, एवढंच त्यातून कळतं. टीमने लाइन क्लिअरन्सच्या, म्हणजे उत्पादन बदलताना मागचं काही उरलं नाही ना या तपासणीच्या, जुन्या नोंदी काढल्या. बदलाच्या वेळी ब्रश बॉक्सखाली, हॉपरच्या गॅस्केटच्या खाचेत मागची गोळी सापडल्याच्या नोंदी होत्या, थोड्या पण होत्या. त्या क्लिअरन्समध्ये सापडल्या म्हणजे क्लिअरन्सने काम केलं, हे खरं. सापडल्या त्या जागा मात्र अशा होत्या की भाग खोलल्याशिवाय दिसत नाहीत, आणि चेकलिस्टमध्ये "फीडर स्वच्छ" एवढंच लिहिलेलं होतं. तरीही दोन तसाच ठेवला, कारण वाढवायला ठोस संख्या नव्हती. मी असतो तर तीन दिला असता. एका अंकाने आरपीएन १६२ चा २४३ झाला असता, आणि कृती तीच राहिली असती.

याच ठिकाणी आरपीएनचा एक जुना दोष समोर येतो. हे तीन अंक क्रम सांगतात, माप सांगत नाहीत. सिव्हिअरिटी आठ म्हणजे चारच्या दुप्पट वाईट असं काही नाही. अशा अंकांचा गुणाकार केला की एक ते हजारमध्ये फक्त १२० वेगवेगळ्या किमती मिळतात. हजारच्या खाली लगेच येतात ते नऊशे, मध्ये काहीच नाही. तेव्हा १६२ आणि १६० यांतला दोनाचा फरक काही सांगत नाही. पहिल्या तक्त्यातले दोन ७२ ही तसेच सारखे नव्हते. वाहन उद्योगाने २०१९ च्या संयुक्त एआयएजी-व्हीडीए हँडबुकमध्ये आरपीएन काढून टाकला आणि त्याच्या जागी कृतीची निकड ठरवणारा तक्ता आणला, ज्यात सिव्हिअरिटीला पहिला मान आहे. औषध उद्योगात आरपीएन अजून सर्रास चालतो. औषधांच्या गुणवत्तेतल्या जोखमीबद्दलच्या आयसीएच क्यू ९ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेच्या २०२३ च्या सुधारित आवृत्तीने मात्र जोखीम ठरवताना येणाऱ्या व्यक्तिनिष्ठतेवर स्पष्ट बोट ठेवलं आहे.

या कारखान्याने आरपीएन सोडला नाही. एसओपीत दोन बदल केले. सिव्हिअरिटी नऊ किंवा दहा असेल तर आरपीएन कितीही असो, ती ओळ चर्चेला येणार. आणि डिटेक्शनला चार किंवा त्याहून कमी अंक द्यायचा असेल तर कोणत्या परीक्षेत, मशीनच्या कोणत्या अवस्थेत, नेमका हाच दोष पकडला गेला, त्या नोंदीचा क्रमांक रकान्यात लिहायचा. "कॅमेरा आहे" एवढ्यावर अंक नाही. हा दुसरा नियम मला जास्त मोलाचा वाटतो. तो आधीपासून असता, तर पहिल्या तक्त्यातल्या तीन ओळी तिथेच अडकल्या असत्या.

कृती आणि त्यावरची भांडणं

रजिस्टरचा कायमचा इलाज म्हणजे प्रोग्रॅम बदलणं: फिल्म कोणत्याही कारणाने पुढे गेली, तरी फिल्मची चाल मोजणाऱ्या एन्कोडरच्या मोजणीवर रजिस्टर पुढे गेलं पाहिजे. त्यासाठी चेंज कंट्रोल म्हणजे बदलाची रीतसर मंजुरी, मशीन बनवणाऱ्याची भेट आणि पुन्हा क्वालिफिकेशन लागणार होतं. तोवर गुणवत्ता विभागाने, म्हणजे क्यूएने, सांगितलं की प्रत्येक थांब्यानंतर कॅमेरा ते रिजेक्शनमधले अकरा स्ट्रोक, म्हणजे ३३ ब्लिस्टर, सरसकट काढून टाकायची.

उत्पादन विभाग उसळला. "मॅडम, दिवसाचं टार्गेट कसं गाठायचं?" हा प्रश्न रास्त होता, म्हणून कागदावर उत्तर काढलं. वीस थांबे, प्रत्येकी ३३, म्हणजे शिफ्टला ६६० ब्लिस्टर. मशीनच्या वेगाने हे साडेपाच मिनिटांचं उत्पादन. फॉइल बदलायला लागणाऱ्या वेळेपुढे ते काहीच नव्हतं. वाद तिथे थंडावला. शिवाय या ब्लिस्टरांवर आधीपासून दुसरा संशय होताच. मशीन थांबतं तेव्हा गरम पाट्यांखालच्या फिल्मच्या तुकड्याला सलग चालतानाच्यापेक्षा वेगळी उष्णता मिळते. त्यातून पडणारी पॉकेटं काही वेळा वेडीवाकडी किंवा तळाशी पातळ निघतात. तो तुकडा पाट्यांखालून निघून गोळ्या घेऊन बाहेर यायला आणखी काही स्ट्रोक लागतात, म्हणून काढण्याची मर्यादा त्या तुकड्यापर्यंत वाढवली.

कायमच्या बदलात रिजेक्शन स्टेशनवर एक सेन्सरही बसवला. रजिस्टर म्हणालं फेक, तर ब्लिस्टर खरोखर डब्यात पडलं का हे तो बघतो. नाही पडलं तर मशीन थांबतं. पण तो सेन्सर "काहीतरी पडलं" एवढंच सांगतो, योग्य ब्लिस्टर पडलं का हे नाही. जॉगचा दोष एकट्या सेन्सरने पकडला गेला नसता. बैठकीत दोन गोष्टी एकच समजल्या जात होत्या, त्या वेगळ्या लिहून घेतल्या. बदलानंतर थांबा-जॉग परीक्षा सगळ्या प्रकारच्या थांब्यांवर केली, खूण केलेली ब्लिस्टरं प्रत्येक वेळी डब्यात पडली, आणि तेव्हाच थांब्यानंतरच्या रिकाम्या पॉकेटचा डिटेक्शन आठवरून तीन झाला, आरपीएन ६०. सिव्हिअरिटी पाचच. गोळी नसण्याचा रुग्णावरचा परिणाम मशीन सुधारल्याने बदलत नाही. काही तक्त्यांत कृतीनंतर तोही कमी केलेला मी पाहिला आहे, आणि तसं दिसलं की पुढचं वाचायची इच्छा राहत नाही.

मिसळलेल्या गोळीसाठी दोन टोकांकडून काम झालं. आधी ऑकरन्स. १ आणि २ साठी ब्रश बॉक्स आणि फीडरचे भाग वेगवेगळे केले, क्लिअरन्सच्या चेकलिस्टमध्ये "फीडर स्वच्छ" काढून नेमक्या खोलायच्या जागा फोटोसकट टाकल्या, आणि रंगीत कॅमेरा येईपर्यंत या लाइनवर दोन्ही गोळ्या लागोपाठ चालवायच्या नाहीत असं ठरलं. मध्ये वेगळ्या आकाराची गोळी चालवायची, म्हणजे अडकलेली आधीची गोळी आकारावरून तरी पकडली जाईल. मशीनवाल्याने मध्येच स्वस्तातला उपाय सुचवला, लाल दिवे. लाल उजेडात गुलाबी उजळ दिसते आणि हिरवी काळपट. करून पाहिलं. फरक दिसला, पण रंग इतके फिकट की मर्यादा घट्ट ठेवली तर चांगल्या गोळ्याही नाकारल्या जायच्या. सोडून दिलं आणि रंगीत कॅमेराच घेतला.

त्याच्या चॅलेंज टेस्टमध्ये आता परक्या रंगाची गोळी असते. यातून एक नवीन धोका आला: परीक्षेची गोळीच लाइनवर राहून गेली तर? म्हणून त्या गोळ्या क्रमांकाच्या डबीत असतात, मोजून बाहेर, मोजून आत, आणि मोजणी जुळेपर्यंत बॅच सुरू होत नाही. परीक्षांनंतर ओळ ९, २, ३ वर आली, आरपीएन ५४. नवाच्या नियमामुळे ती तरीही दरवर्षी चर्चेला येते.

एक ओळ अजून उघडी आहे. रिजेक्शनच्या डब्यातली ब्लिस्टरं फोडून चांगल्या गोळ्या त्याच बॅचमध्ये परत हॉपरमध्ये टाकायची कारखान्यात पद्धत होती. डीब्लिस्टरिंगचं मशीन सगळ्या लाइनींना एकच, आणि गोळ्या निवडणं हाताने आणि डोळ्यांनी. पहिल्या तक्त्यात ही पायरीच नव्हती, कारण तक्ता लाइनच्या नकाशावरून भरला होता आणि डीब्लिस्टरिंग शेजारच्या खोलीत होतं. नवीन ओळीत डिटेक्शनला नऊ आहे. ग्लिमेपिराइडपुरतं डीब्लिस्टरिंग बंद केलं आहे. बाकी उत्पादनांसाठी वेगळं मशीन घ्यायचं की गोळ्या नष्टच करायच्या, यावर उत्पादन आणि क्यूए यांचं अजून जमलेलं नाही.